एका हाताची टाळी अरबीत वेगळीच वाजते

शारजाकर

मंडळी, गेल्या आठवड्यात एका म्हणीने मला तोंडघशी पाडलं, म्हणून हा धागा.

मी शारजात एका बांधकामाच्या साइटवर आहे. गाव चिपळूण. शेजारच्या टेबलावर एक इजिप्शियन इंजिनिअर बसतो, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तांता गावचा. त्याच्याकडे एसीच्या डक्टची 140 ड्रॉइंग तपासायला पडली होती आणि कन्सल्टंट रोज फोन करत होता. बुधवारी संध्याकाळी ग्रुपवर त्याचा मला उद्देशून मेसेज आला : 'ईद लवहदहा मा तसअ्अफ्श'. आठ वर्षं इथे काढल्यावर एवढं अरबी कळतं. एकटा हात टाळी वाजवत नाही. माझं डोकंच फिरलं. म्हणजे उशीर झाला त्यात माझाही हात आहे, असं हा सगळ्यांसमोर म्हणतोय! मी रात्री बसून कोणतं ड्रॉइंग मी कधी दिलं आणि त्याच्याकडे किती दिवस पडून होतं, याची तारीखवार यादी केली आणि त्याच ग्रुपवर टाकली.

सकाळी तो चहाचा ग्लास घेऊन आला. चेहरा पडलेला. म्हणाला, 'मी तुला मदतीला बोलावलं, तू माझ्यावर पुरावे का गोळा केलेस?'

मग उलगडा झाला. शब्दाला शब्द तीच म्हण, पण त्याच्याकडे तिचा अर्थ 'एकट्याने होत नाही रे, हात लाव'. आपल्याकडे 'भांडणात दोघांचाही दोष असतो'.

तर प्रश्न असा. अरबी म्हणींचा शब्दशः अर्थ, लोक त्या खरोखर कधी वापरतात ते, आणि त्याला जुळणारी मराठी म्हण, असं इथे गोळा करू या का? पुस्तकी नको. कुणी कुणाला म्हणताना ऐकली, तेही लिहा.

अभय_९६

नमस्कार. कतारसाठी मुलाखत आहे. अरबी कुठल्या क्लासला शिकावं? पुण्यात असेल तर उत्तम. फी साधारण किती?

जुना_दुभाष्या

शारजाकर, तुमची फजिती वाचून हसू आलं, पण चूक तुमची नाही. चित्र सारखं असलं की माणूस अर्थही सारखाच धरतो. मी नोकरीची बरीच वर्षं कैरो आणि बगदादमध्ये दुभाष्याचं काम केलं. तिथे परक्या म्हणींनी मला कधी दगा दिला नाही. ओळखीच्या वाटणाऱ्या म्हणींनी दिला.

तुमच्या सहकाऱ्याची म्हण आखातातले लोक 'ईद वहदा मा तसफ्फिग' अशी म्हणतात. वर्गणी गोळा करताना, सामान हलवताना, पक्ष किंवा संघटना एकजुटीचं आवाहन करते तेव्हा ती हमखास येते. म्हणणारा स्वतःलाच तो एकटा हात समजतो, समोरच्याला नाही. मराठीत तिच्या जवळ जाते 'गाव करी ते राव न करी'. फक्त आपल्या म्हणीत रावाला एक चिमटा आहे, की पैसेवाला असलास तरी गावापुढे काही नाहीस. अरबीत तो चिमटा नाही, नुसती विनवणी आहे. त्यामुळे विनवणीचाच सूर हवा असेल तर मी तुकोबांचं 'एकमेकां साह्य करू' जवळचं मानीन.

म्हणून माझी एक सवय सांगतो. अरबी म्हण ऐकली की शब्दांकडे नंतर बघायचं. आधी ती कुणी कुणाला म्हटली, आणि ऐकणारा हसला, गप्प बसला की चिडला, हे बघायचं. मराठी जोडीदार त्यावरून शोधायचा.

रत्नागिरी_ते_कुवेत

दुभाष्याकाकांचं बरोबर असेल, पण मला थोडी शंका आहे. माझी खाला तीस वर्षं कुवेतला होती. तिच्या शेजारी एक पॅलेस्टिनी बाई राहायच्या. वरच्या मजल्यावरचं जोडपं भांडलं की त्या हीच म्हण म्हणत आणि खाला मान डोलावत असे. तिला तर तो आपलाच अर्थ वाटायचा, की नवराही तसाच नि बायकोही तशीच.

जुना_दुभाष्या

असू शकेल. पण त्या बाई 'संसार एकट्याने ओढला जात नाही, दोघांनी ओढावा लागतो' असंही म्हणत असतील. भांडणाऱ्या जोडप्याबद्दल दोन्ही अर्थ चपखल बसतात. खाला मान डोलावत होत्या त्या मराठी अर्थाला, आणि शेजारीण बोलत होती कदाचित अरबी अर्थाने. दोघींचं तीस वर्षं छान जमलं म्हणजे गैरसमजानेही काही बिघडलं नाही!

रत्नागिरी_ते_कुवेत

खालाला फोन करून विचारते. पण ती म्हणणार की मला अरबी शिकवू नकोस.

अण्णा_सातारकर

चांगला विषय. माझ्याकडून एक भर. 'हनोज दिल्ली दूर अस्त' ही सुप्रसिद्ध अरबी म्हण. शब्दशः अर्थ, दिल्ली अजून दूर आहे. आपल्याकडे 'दिल्ली बहोत दूर है' म्हणतात ती हीच. मराठीतली निम्मी भाषा अरबीच आहे, हे लोकांना ठाऊक नसतं.

जुना_दुभाष्या

अण्णा, ती फारसी आहे. 'हनोज' आणि 'अस्त' दोन्ही फारसी शब्द. निजामुद्दीन औलियांच्या नावावर सांगतात.

अण्णा_सातारकर

लिपी तर एकच ना?

शारजाकर

अण्णा, लिपी एक म्हणून भाषा एक म्हटलं तर आपण सगळे नेपाळी बोलतो.

जुना_दुभाष्या

अण्णांचा दुसरा मुद्दा मात्र अगदीच टाकाऊ नाही. निम्मी भाषा नाही, पण हिशेब, वकील, मालक, कायदा, नशीब, अक्कल, खर्च हे मूळचे अरबी शब्दच, फारसीच्या खांद्यावर बसून मराठीत उतरलेले. वाटेत काहींचा स्वभाव बदलला आणि म्हणींमध्ये ते नेमकं अडतं. उदाहरणार्थ 'हामीहा हरामीहा'. शब्दशः, तिचा राखणदार तोच तिचा हरामी. मराठी माणसाला वाटतं काहीतरी घाण शिवी दिली. बोलीतल्या अरबीत 'हरामी' म्हणजे साधा चोर. अलीबाबाच्या गोष्टीतले चाळीस चोर अरबीत 'अरबईन हरामी'च आहेत. खजिनदारानेच पैसे खाल्ले, पहारेकऱ्यानेच माल पळवला, की कैरोपासून बगदादपर्यंत हेच दोन शब्द ऐकू येतात.

याला मराठी शोधायला मला क्षणही लागला नाही. कुंपणच शेत खातं. प्रसंग तोच, उद्गार तोच, ऐकणाऱ्याचा सुस्काराही तोच.

नागपूरची_नीला

माझी पण एक घ्या बापा. माझी मोठी बहीण दम्मामला असते. तिच्या शाळेत एक इजिप्तची बाई आहे. कशी आहेस विचारलं की म्हणते 'योम असल, योम बसल'. एक दिवस मध, एक दिवस कांदा. याला आपली म्हण सरळ आहे : खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी!

शारजाकर

नीलाताई, तूप दोन्हीकडे असलं तरी ती म्हण हट्टी माणसाची. मिळालं तर उत्तमच, नाहीतर काहीच नको, असा हेका धरणाऱ्याची. तुमच्या बहिणीच्या मैत्रिणीला 'कधी तुपाशी, कधी उपाशी' म्हणायचं असणार. चाललंय, कधी बरं कधी वाईट.

नागपूरची_नीला

हो ना, खरंच! जिभेवर तीच आली. पाहा, मराठीतच माझा घोळ झाला, अरबीचं काय घेऊन बसलात.

जुना_दुभाष्या

'कधी तुपाशी कधी उपाशी' बरोबर आहे, तरी त्यात एक खोच राहते. अरबीतल्या वाईट दिवशी माणूस उपाशी नाही. त्याला कांदा मिळतो. इजिप्तमध्ये भाकरी आणि कच्चा कांदा हे गरिबाचं जेवण, पण जेवणच. त्यामुळे म्हणणाऱ्याचा स्वर रडका नसतो, खांदे उडवून म्हटल्यासारखा असतो. आपल्या म्हणीतला उपास त्याहून कडक.

आणि शब्दशः भाषांतर केलं तर मराठीत ती म्हण मरतेच. 'एक दिवस मध, एक दिवस कांदा' असं शेतावर जेवायला बसलेल्या माणसाला सांगा. तो म्हणेल कांद्याला काय वाईट आहे? झुणका-भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा म्हणजे आपल्याकडे चैनच. मधाच्या दिवशी काय करायचं हाच त्याला प्रश्न पडेल.

हिच्याच शेजारी आणखी एक आहे, 'योम लक, योम अलैक'. एक दिवस तुझा, एक दिवस तुझ्यावर उलटलेला. ती मात्र कांद्यासारखी सोशीक नाही. हरलेला माणूस जिंकलेल्याला म्हणतो. तिथे 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' अगदी ठेवल्यासारखं बसतं, धमकीसकट.

अभय_९६

क्लासबद्दल कुणी सांगेल का?

घारापुरी

मी वाचकच असतो, पण माझाही एक किस्सा. माझ्या ऑफिसात एक सीरियन बाई होत्या. बाळंतपणाच्या रजेवरून आल्या नि फोनवर बाळाचे फोटो दाखवायला लागल्या. मी नुकतीच एक अरबी म्हण पाठ केली होती, 'अल-किर्द फी ऐन उम्मिही गजाल'. माकड आपल्या आईच्या डोळ्यांत हरीण असतं. मला वाटलं, किती गोड, आईच्या मायेची म्हण. मी ठेक्यात म्हणून दाखवली. बाई काही बोलल्या नाहीत. फोन पर्समध्ये ठेवला. त्यानंतर दोन महिने माझी कागदपत्रं त्यांच्या टेबलावरून सगळ्यात शेवटी हलायची.

शारजाकर

तुम्ही त्यांच्या बाळाला तोंडावर माकड म्हणालात की हो!

जुना_दुभाष्या

घारापुरी, ही म्हण लोक दोनच वेळा बोलतात. एक, आई स्वतःच लाडाने हसत म्हणते, 'मला काय, माकड आईच्या डोळ्यांत हरीणच'. दोन, आई खोलीत नसताना दुसऱ्या बायका. तिसरी वेळ नाही. तुम्ही नेमकी ती शोधून काढलीत.

मराठीत लोक पटकन 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' लावतात. माझं तिथे थोडं अडतं. आपल्या म्हणीचा सगळा जोर दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, दुसऱ्याच्या पोराला नावं ठेवण्यात. ती पक्षपातावर बोट ठेवते, म्हणून राजकारणातही चालते : आपल्या पक्षाचा भ्रष्ट तो बाब्या. अरबी म्हणीत दुसऱ्याचं पोरच नाही. नुसती आईची नजर आहे. कुणी आपल्या भिकार कवितेवर, जुन्या गाडीवर किंवा आपणच बांधलेल्या वाकड्या भिंतीवर खूश असेल तर अरब माणूस माकड-हरीण म्हणेल. तिथे बाब्या चालणार नाही.

नागपूरची_नीला

मग तिथे मराठीत काय म्हणायचं?

जुना_दुभाष्या

मला अजून समाधान देणारी सापडली नाही. कुणाला सुचली तर लिहा.

अण्णा_सातारकर

'ज्याचं त्याला प्यारं'?

घारापुरी

ही म्हण आहे की अण्णांनी आत्ता केली?

अण्णा_सातारकर

आमच्या आळीत म्हणतात.

मोरोक्को_रिटर्न

मी म्हण नाही, एक ठरलेलं वाक्य सांगतो, कारण त्यावर माझी पंचाईत झाली होती. आखातात आणि लेबनॉन-सीरियाकडे कुणी काम करताना दिसलं, कुणी आपलं काम करून दिलं, की म्हणतात 'यअतीक अल-आफिया'. देव तुला आफिया देवो, म्हणजे आरोग्य, ताकद. झाडूवाल्यापासून बँकेतल्या माणसापर्यंत सगळ्यांना. दुबईत मला इतकी सवय लागली की लिफ्टमधून उतरतानाही तोंडातून निघायचं. नंतर कंपनीने सहा महिने कासाब्लांकाला पाठवलं. पहिल्याच दिवशी टॅक्सीवाल्याने बॅग उतरवून दिली, मी प्रेमाने तेच म्हणालो. तो एकदम थबकला, मग माझा उच्चार ऐकून परका आहे हे लक्षात आलं असावं, मोठ्याने हसला. हॉटेलातल्या पोऱ्याने समजावलं. मोरोक्कोच्या बोलीत आफिया म्हणजे आग. मी त्याला 'देव तुला आग देवो' असं म्हणालो होतो.

शब्द एकच, अर्थ उलटा. हे कसं काय झालं असेल, कुणी सांगेल?

जुना_दुभाष्या

सहज उलगडतं, आणि मराठी माणसाला तर लगेच कळावं. आगीचं नाव घ्यायला लोक बिचकतात, म्हणून तिला उलट, शुभ नाव दिलं. आरोग्य म्हणा, म्हणजे ती आरोग्यानेच वागेल. हळूहळू ते नावच आगीचं होऊन बसलं. अरबीत अशी आणखी आहेत. आंधळ्या माणसाला 'बसीर' म्हणतात, म्हणजे चांगली नजर असलेला.

आता आपल्याकडे बघा. बांगडी फुटली तर आई काय म्हणते?

नागपूरची_नीला

वाढली!

जुना_दुभाष्या

वाढली. दुकान बंद करायचं तर दुकान वाढवलं. नारळ फोडला तर नारळ वाढवला. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. मोरोक्कोची आफिया याच जातीची. फरक इतकाच, की आपलं 'वाढवणं' सगळ्या मराठी मुलखात कळतं. त्यांचं उलटं नाव एका टोकाला रुजलं आणि दुसऱ्या टोकाला पोचलंच नाही. अंतरही काही थोडंथोडकं नाही. मस्कतहून कासाब्लांका म्हणजे हजारो किलोमीटर.

त्यामुळे 'अरबी म्हण' असं एकच गाठोडं बांधू नका. पुस्तकी अरबीतल्या म्हणी सगळीकडे समजतात. रस्त्यावरच्या म्हणी आणि आशीर्वाद ज्या गावचे त्या गावातच वापरा.

मोरोक्को_रिटर्न

हे मला सहा महिने तिथे राहून कुणी सांगितलं नाही. धन्यवाद.

शारजाकर

काका, पुस्तकी म्हणालात म्हणून विचारतो. इथल्या वर्तमानपत्रात क्रीडापानावर अधूनमधून येतं, 'आद बि-खुफ्फै हुनैन'. अमुक संघ हुनैनचे दोन जोडे घेऊन परतला. हा हुनैन कोण?

जुना_दुभाष्या

मोची. इराकात कूफ्याजवळ हीरा नावाचं जुनं शहर होतं, तिथला. एक बदू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, उंटावरून आला आणि एका जोड्यासाठी घासाघीस करत बसला. दुपार गेली, सौदा झाला नाही, शेवटी न घेताच निघाला. हुनैन चिडला. तो आडवाटेने पुढे गेला, बदूच्या रस्त्यावर जोड्याचा एक पाय टाकला आणि बऱ्याच अंतरावर दुसरा टाकला, मग दडून बसला. बदूला पहिला दिसला. म्हणाला, 'हा हुनैनच्या जोड्यासारखाच की. दुसरा पायही असता तर उचलला असता.' पुढे गेला तर दुसरा पाय! आता पहिला सोडल्याचा पश्चात्ताप. उंट तिथेच बांधला आणि पहिला आणायला चालत मागे गेला. हुनैन बाहेर आला आणि सामानासकट उंट घेऊन पसार. बदू घरी गेल्यावर लोकांनी त्याला विचारलं, प्रवासातून काय आणलंस? म्हणाला, हुनैनचे दोन जोडे.

निशापूरचा मैदानी नावाचा पंडित, 1124 साली वारला, त्याने साडेचार हजारांहून जास्त अरबी म्हणी पहिल्या अक्षरांच्या क्रमाने लावून ठेवल्या. त्यात ही आहे, गोष्टीसकट. म्हणजे आजच्या क्रीडापानावरचं वाक्य निदान नऊशे वर्षांचं.

नागपूरची_नीला

अरे ही तर आपली 'तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं'!

घारापुरी

धुपाटण्याची गोष्ट मला आजीने सांगितलेली आठवते. दोन्ही बाजूंना वाटी असलेलं धुपाटणं घेऊन एक भोळा तेल नि तूप आणायला गेला. एका बाजूला तेल घेतलं, तूप घ्यायला ते उलटं केलं, तेल सांडलं. घरी बायकोने विचारलं तेल कुठाय, तर 'हे बघ खालच्या बाजूला' म्हणून परत उलटं केलं, तूपही सांडलं. रिकामं धुपाटणं हातात. तिकडे रिकामे जोडे.

जुना_दुभाष्या

गोष्टीला गोष्ट जुळते यात वादच नाही. दोन्हीकडे माणूस दोन वस्तूंच्या नादात सगळं घालवतो, आणि हातात राहते ती त्याला हसणारी वस्तू. पण वापर बघा. धुपाटणं म्हटलं की मराठीत त्या माणसाचा मूर्खपणा आणि हाव ऐकू येते. एखादा चांगली नोकरी सोडून दुसरीच्या मागे लागला आणि दोन्ही गेल्या, तर आपण म्हणतो. हुनैनचे जोडे आज इतके झिजलेत की मूर्खपणा त्यातून गळून गेला. शिष्टमंडळ बोलणी करून आलं, काही ठरलं नाही, हुनैनचे जोडे. संघ जिवापाड खेळून हरला, हुनैनचे जोडे. त्या संघाला कुणी मूर्ख म्हणत नसतं.

मी एकदा भाषांतर करताना तिथे धुपाटणं घातलं होतं. ज्या अधिकाऱ्यांबद्दल ते वाक्य होतं त्यांच्यापैकी एकाला मराठी येत होतं. त्याने मला बोलावून विचारलं, आम्ही नेमकं काय सांडलं ते सांगा.

तेव्हापासून मी लिहितो : हात हलवत परत आले.

शारजाकर

वा! गोष्ट धुपाटण्याची, वापर हात हलवण्याचा.

रत्नागिरी_ते_कुवेत

'बुक्रा फिल मिशमिश' राहिलीच की. आमच्या घरात खालामुळे ही मराठी बोलतानाही वापरतात. शब्दशः 'उद्या जर्दाळूत'. म्हणजे होणारच नाही ते. खालूजान कधीपासून गच्चीवर पत्रे टाकणार म्हणतात. खाला म्हणते, टाकतील ना, फिल मिशमिश.

अण्णा_सातारकर

जर्दाळूचा काय संबंध?

रत्नागिरी_ते_कुवेत

ताज्या जर्दाळूचा मोसम एवढासा, काही आठवड्यांचा. आले आले म्हणेपर्यंत बाजारातून गेले. म्हणून.

घारापुरी

मराठीत 'सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा'. किंवा गणपतीला म्हणतो तसं, पुढच्या वर्षी लवकर या!

नागपूरची_नीला

गणपती येतो हो दर वर्षी. तो कुठे फसवतो.

जुना_दुभाष्या

नीलाताई, तुम्ही गंमतीत नेमकी गोष्ट बोललात. जर्दाळूही दर वर्षी येतो. म्हणीची खुमारी तिथेच आहे. पश्चिमेचा सूर्य ही अशक्य गोष्ट, तिथे मामला सरळ बंद. जर्दाळू शक्य आहे, पण तुमच्या हाती लागत नाही. म्हणून ती रागाने कमी आणि खिल्ली उडवत जास्त म्हणतात, बहुतेक वेळा ज्याला आश्वासन मिळालं तो म्हणतो. घरमालक म्हणतो 'बघू, पुढच्या महिन्यात रंग काढू'. तो गेल्यावर भाडेकरू बायकोला म्हणतो, 'बुक्रा फिल मिशमिश'. मराठीत त्या जागी 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' मला बरी वाटते. कढी-भातही तसा अशक्य नाही, फक्त पानात पडत नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. साहेब 'इन्शाल्ला, उद्या करतो' म्हणाले आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर मिशमिश म्हणालात, तर तुम्ही त्यांना खोटारडे म्हटलंत.

शारजाकर

अपडेट देतो. काल आमच्या तांतावाल्याला आपल्या टाळीचा अर्थ सांगितला. त्याला फार मजा वाटली. म्हणाला, 'म्हणजे तुमच्याकडे टाळी वाजली की भांडण होतं?' मग विचारलं, तुमच्याकडे भांडणात दोघांचा दोष असेल तर ही म्हणतात का? तो जरा थांबला. म्हणाला, मी नाही म्हणणार, पण माझी आई कदाचित म्हणेल. आईला विचारून सांगतो. 140 पैकी 60 ड्रॉइंग मी तपासायला घेतलीत.

रत्नागिरी_ते_कुवेत

बघा, आया नि खालांनाच माहीत असतं! माझ्या खालाचं उत्तर आलं. ती म्हणते, शेजारीण दोघांनाही शिव्या घालत असे, विनवणी बिनवणी काही नव्हती. आणि म्हणाली, तुझ्या दुभाष्याकाकांना सांग, मी तिथे होते, ते नव्हते.

जुना_दुभाष्या

यावर माझ्याकडे उत्तर नाही. खालांना माझा सलाम सांगा.

अभय_९६

मंडळी, मुलाखत सोमवारी आहे. क्लास राहू द्या, निदान आत गेल्यावर काय म्हणायचं तेवढं सांगा.

मोरोक्को_रिटर्न

आत शिरताना 'अस्सलामु अलैकुम'. कुणी काही काम सांगितलं की 'अला रासी', म्हणजे माझ्या डोक्यावर. आपलं शिरसावंद्य. आणि उठताना, मुलाखत कतारसाठीच असेल तर, 'यअतीक अल-आफिया' बिनधास्त. समोर मोरोक्कन नाही ना तेवढं बघून घे.